मुलांना शरीर सैल सोडायला कसं शिकवावं: पोटावरचं खेळणं, पिळलेला स्पंज आणि पुराव्यांच्या मर्यादा

रडून लाल झालेल्या मुलाला आपण म्हणतो, "दीर्घ श्वास घे, शांत हो." मग मूल एक तर आणखी चिडतं, नाहीतर सांगितल्याप्रमाणे छाती फुगवून, खांदे वर ओढून भराभर चार-पाच मोठे श्वास घेतं आणि त्याला गरगरायला लागतं. चूक मुलाची नसते. भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणापेक्षा जास्त बाहेर पडतो. डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, छातीत धडधडतं. घाबरल्यावर जे होतं तेच आपल्या सूचनेमुळे आणखी वाढतं.

यातल्या दोन्ही चुका टाळता येतात. पहिली चूक वेळेची असते, कारण नवीन कौशल्य वादळात शिकता येत नाही. दुसरी शब्दांची असते: मुलाला "मोठा" श्वास नको असतो, "हळू" श्वास हवा असतो, आणि त्यातही बाहेर सोडायचा भाग लांब हवा असतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात आणि आत घेताना थोडे वाढतात. निरोगी मुलांमध्ये हा चढउतार चांगलाच जाणवण्यासारखा असतो. त्यामुळे सोडलेला श्वास लांबवणं ही शरीराला मंदावायची सर्वांत सोपी वाट आहे.

या लेखात साधारण सहा ते दहा वर्षांच्या मुलांचा विचार केला आहे. या वयात मूल सूचना लक्षात ठेवू शकतं, शरीरात काय जाणवतंय ते थोडंफार सांगू शकतं, आणि खेळाची गोडीही शाबूत असते. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी श्वासाचा खेळ एखाद मिनिट पुरे. स्नायूंचा पूर्ण व्यायाम त्याला जमत नाही आणि जमवायचा आग्रहही धरू नये. किती वेळ करावं याचा एक घरगुती अंदाज आहे: वयाच्या वर्षांइतकी मिनिटं ही वरची मर्यादा, सुरुवात मात्र त्याच्या निम्म्यापासून. हा अनुभवातून आलेला अंदाज आहे, तपासून सिद्ध केलेला नियम नव्हे.

आधी मोठ्यांनी

मुलाला शिकवण्याआधी आठवडाभर रोज हे व्यायाम स्वतः करून बघा. हात पिळून सैल सोडल्यावर नेमकं काय वाटतं, हे ज्याला माहीत नाही तो ते मुलाला सांगू शकत नाही. दुसरा फायदा आवाजाचा. सवय नसलेला माणूस सूचना देताना नकळत एक वेगळाच, ओढून आणलेला "शांत" आवाज काढतो. मुलांना तो लगेच खोटा वाटतो, मग हसू येतं किंवा कंटाळा येतो. गोष्ट वाचून दाखवताना असतो तोच आवाज ठेवा, फक्त वाक्यांमध्ये जरा जास्त थांबा.

वेळ ठरवताना मूल भुकेलेलं, दमलेलं किंवा रागावलेलं नाही एवढं पाहा. शिकायला झोपण्याची वेळ सोयीची वाटते, पण पहिले चार-पाच दिवस दुपारी किंवा संध्याकाळी शिकवलेलं बरं. अंथरुणात शिकवलं तर मूल शिकण्याआधीच झोपतं. शिवाय ज्या मुलाला रात्रीचीच काळजी वाटते, त्याच्यासाठी रात्र ही आधीच अवघड वेळ असते.

पोटावरचं खेळणं

मुलाला उताणं झोपवा, गुडघे वाकवून पाय जमिनीवर टेकवा. पाय सरळ ठेवले तर पोटाचे स्नायू ताणलेले राहतात आणि पोट मोकळेपणाने हलत नाही. बेंबीवर हाताच्या पंजाएवढं मऊ खेळणं ठेवा, साधारण १०० ते २०० ग्रॅमचं. फार हलकं असेल तर मुलाला ते जाणवत नाही आणि घसरून पडतं. फार जड असेल तर मूल ते उचलायला पोट जोर लावून पुढे ढकलू लागतं.

पहिला मिनिट काहीच बदलायचं नाही. "खेळणं वर जातंय का, खाली येतंय का, नुसतं बघ." आठ वर्षांचं मूल शांत असताना मिनिटाला साधारण २० श्वास घेतं. म्हणजे एक श्वास तीन सेकंदांचा. मोठ्यांसाठीच्या अनेक व्यायामांत मिनिटाला सहाच श्वास असतात, म्हणजे एकेका श्वासाला दहा सेकंद. ती गती मुलावर लादली की त्याला हवा कमी पडल्यासारखं वाटतं, मग मध्येच एक मोठा उसासा येतो आणि सगळी लय मोडते. म्हणून पायरीपायरीने जायचं.

सुरुवात दोन आकड्यांत आत, तीन आकड्यांत बाहेर. एक आकडा म्हणजे एक सेकंद धरला तर हे मिनिटाला १२ श्वास झाले. तीन-चार दिवस हे सहज जमलं की तीन आत, चार बाहेर. म्हणजे मिनिटाला आठ-नऊ. बहुतेक मुलांना याच्या पुढे जायची गरज नसते. श्वास रोखून धरायची पायरी यात मुद्दाम ठेवलेली नाही. रोखायला सांगितलं की मुलं त्याची स्पर्धा करतात आणि सगळं अंग घट्ट करतात.

एका वेळी असे पाच ते सहा श्वास, मग अर्धा मिनिट नेहमीसारखं श्वसन, मग पुन्हा पाच-सहा. एवढं पुरतं.

श्वास सोडायचा कसा, हे शब्दांनी समजत नाही. त्यासाठी टिश्यू पेपरची दोन बोटं रुंद पट्टी घ्या आणि मुलाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर वरच्या टोकाला धरा. मुलाने ओठ थोडे गोल करून अशी फुंकर घालायची की पट्टी वाकेल आणि तीन-चार आकडे वाकलेलीच राहील. जोरात फुंकलं तर पट्टी फडफडते आणि लगेच खाली येते. अगदी हळू फुंकलं तर हलतच नाही. मधली फुंकर सापडली की मुलाच्या चेहऱ्यावर ते दिसतं. पट्टी स्थिर राहिलेली पाहणं हाच त्याचा पुरावा असतो, तुम्ही "छान" म्हणण्याची गरज उरत नाही.

बिघडतं कुठे ते ओळखायला शिका. सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे मूल श्वास न घेताच पोट वर-खाली करतं. खेळणं झटक्याने वर उडतं, पण नाकाशी हवेचा आवाज नसतो. अशा वेळी "पोट वर कर" असं कधीच म्हणू नका. "नाकातून हवा येऊ दे, खेळणं आपोआप वर येईल" असं म्हणा. दुसरी चूक म्हणजे खांदे आणि गळ्याजवळची हाडं वर उचलली जाणं. ते झालं की मूल प्रमाणापेक्षा मोठा श्वास घेतंय. "अर्धाच श्वास घे, फुलाचा वास घेतल्यासारखा" एवढं सांगून पुरतं. गरगरलं, जांभयांवर जांभया आल्या, बोटांना मुंग्या आल्या तर व्यायाम थांबवून उठून बसवा आणि नेहमीसारखं बोलायला लावा. बोलताना श्वास आपोआप मूळ लयीत येतो.

नाक चोंदलेलं असताना हा व्यायाम करू नका. दमा असलेल्या मुलाला धाप लागली असेल तर आधी डॉक्टरांनी सांगितलेलं औषध द्यायचं. श्वासाचा खेळ इनहेलरच्या जागी कधीच नाही.

घट्ट आणि सैल

स्नायू मुद्दाम आवळून मग सोडायचे, ही पद्धत अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत विकसित केली. मूळ पद्धत फार लांबलचक होती. मुलांसाठी ती पाच गटांत आणि सात-आठ मिनिटांत बसवावी लागते. अनेक मुलांना, विशेषतः चुळबुळ्या मुलांना, श्वासापेक्षा हीच आधी जमते. कारण सोपं आहे: "सैल हो" या सूचनेत करण्यासारखं काही नसतं, "घट्ट कर" मध्ये असतं. आणि घट्ट म्हणजे काय ते कळल्याशिवाय सैल म्हणजे काय हे मुलाला ओळखता येत नाही.

सगळ्या गटांना एकच माप: पाच आकडे आवळायचं, ताकद निम्म्याहून थोडी जास्त, पूर्ण नाही. मग एकदम सोडायचं आणि दहा ते पंधरा आकडे काहीच करायचं नाही. प्रत्येक गट दोनदा. दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा कमी ताकद लावायला सांगा. त्यातून मूल कमी ताणही ओळखायला शिकतं. खरं काम सोडल्यानंतरच्या त्या पंधरा आकड्यांत होतं, आणि घाईत नेमके तेच गाळले जातात.

हातांपासून सुरुवात करा. "दोन्ही मुठींत ओला स्पंज आहे. पिळ... एक, दोन, तीन, चार, पाच. सोड. पाणी गेलं. आता हात कसे वाटतायत? गरम, जड, झिणझिणल्यासारखे, की काहीच नाही?" शेवटचा पर्याय नेहमी द्यायचा. नाहीतर मूल तुम्हाला हवं ते उत्तर देतं आणि खरं काय जाणवलं ते तुम्हाला कधीच कळत नाही.

मग खांदे: कानांना लावायला वर न्यायचे आणि थपकन पडू द्यायचे. मग चेहरा: धूळ उडाली तर जसे डोळे, नाक, ओठ मध्ये गोळा होतात, तसे. इथे दात आवळायला सांगू नका. जबडा दुखणाऱ्या किंवा दातांना तारा लावलेल्या मुलांना त्याचा त्रास होतो. मग पोट: "कुणीतरी पोटावर हलकेच चेंडू टाकणार आहे, पोट कडक कर." मूल इथे हमखास श्वास रोखतं, म्हणून आवळत असताना त्यालाच मोठ्याने आकडे मोजू द्या. मोजणाऱ्याला श्वास रोखता येत नाही. शेवटी पाय: टाचा जमिनीत रुतवायच्या आणि पावलं नडगीकडे ओढायची. बोटं पुढे ताणायला सांगितली तर पोटरीत गोळा येतो, आणि एकदा गोळा आला की मूल पुढचे आठ दिवस हा व्यायाम नको म्हणतं.

सैल झालंय की नाही हे तपासायचा एक सभ्य मार्ग आहे. मुलाला विचारून त्याचं मनगट दोन बोटांनी धरा, हात अंथरुणापासून दोन बोटं वर उचला आणि सोडा. सैल हात जड वाटतो आणि लगेच खाली पडतो. हलका वाटला, किंवा सोडल्यावर तसाच हवेत राहिला, तर मूल तुम्हाला मदत करतंय. हे चूक म्हणून दाखवू नका. "अजून तूच धरलायस, मला धरू दे" एवढंच म्हणा.

आवाज ऐकणं

काही मुलांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जास्त घाबरायला होतं. आपला श्वास बंद पडेल की काय, असं त्यांना वाटू लागतं. पोटात दुखणाऱ्या मुलाचं लक्ष पोटाकडे नेलं की दुखणंच मोठं होतं. अशा मुलांसाठी लक्ष शरीराबाहेर न्या. एक घंटा किंवा चमच्याने वाजवलेला पेला घ्या. आवाज पूर्ण विरला असं वाटेल तेव्हा हात वर करायचा. तीनदा. किंवा एक मिनिटात किती वेगवेगळे आवाज येतात ते बोटांवर मोजायचं. डोळे मिटायची सक्ती नको, समोरच्या एका ठिपक्याकडे पाहिलं तरी चालतं. ज्या मुलावर काही भयंकर प्रसंग गुदरला आहे त्याच्यासाठी तर डोळे उघडे, दार दिसेल अशी जागा, आणि कधीही थांबता येण्याची मोकळीक हव्यातच.

मन भरकटलं तर ते अपयश नाही, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगा. भरकटलेलं लक्षात येणं आणि परत येणं, हाच माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे सजगपणे लक्ष देण्याचा, खरा व्यायाम आहे. विचार घालवायचे नसतात. "डोकं रिकामं कर" ही सूचना कुणालाच पाळता येत नाही.

एक उदाहरण, चार आठवड्यांचं

नेहमी दिसणाऱ्या तक्रारींवरून बेतलेलं एक उदाहरण घेऊ. आठ वर्षांचा मुलगा. दोन महिन्यांपासून सुट्टीच्या शेवटच्या रात्री बेंबीभोवती दुखतं, झोप यायला तासभर लागतो, सकाळी शाळा नको म्हणतो. सुट्टीच्या इतर दिवशी दुखत नाही. पहिलं पाऊल व्यायामाचं नाही, डॉक्टरांचं आहे. वजन घटणं, ताप, वारंवार उलट्या, शौचातून रक्त, झोपेतून जागं करणारं दुखणं, किंवा बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणं यातलं काही असेल तर तपासणी थांबवून चालत नाही. त्याबरोबर शाळेत कुणी त्रास देतंय का, वाचताना अडखळतो का, हेही शोधायचं. छळ होत असेल तर मुलाला शांत बसायला शिकवणं हे उत्तर नव्हे. इथे धरून चालू की तपासणीत काही निघालं नाही आणि मुलाला वर्गात मोठ्याने वाचायची भीती वाटते.

पहिला आठवडा: रोज संध्याकाळी पाच मिनिटं, फक्त घट्ट आणि सैल; त्यातही हात, खांदे आणि पाय. पोटाचं नाव नाही, कारण दुखणं तिथेच आहे. आधी आणि नंतर मुलगा हाताची उंची दाखवतो: जमिनीलगत म्हणजे एकदम शांत, डोक्यावर म्हणजे सहनच होत नाही. हे एका वहीत शून्य ते दहामध्ये लिहायचं. शांत वेळी ही उंची आधीच दोन-तीन असते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात फरक दिसत नाही. तो दिसायला नकोच आहे. आपण फक्त कौशल्य बसवतोय.

दुसरा आठवडा: टिश्यूची पट्टी आणि लांब फुंकर जोडायची, खेळणं मात्र पोटावर न ठेवता मुलगा हात छातीच्या खालच्या फासळ्यांवर ठेवतो. आठवड्याच्या शेवटी पहिल्यांदा रात्री अंथरुणात. त्या रात्री समजा आकडा सातवरून पाचवर आला. झोप यायला तास लागायचा, तिथे पाऊण तास लागला. ही प्रगती आहे, पण एका रात्रीवरून निष्कर्ष काढायचा नाही. निदान चार सारख्या रात्रींची तुलना करायची.

तिसऱ्या आठवड्यात सहसा एक अडचण उभी राहते. मुलाला व्यायाम आवडला असतो. सकाळी शाळेच्या दाराशी तो म्हणतो, "अजून एकदा करू दे." एकदाचे चार वेळा होतात, वीस मिनिटं जातात, वर्ग सुरू होतो आणि आकडा सहाच राहतो. बाहेरून हे शहाणपणाचं वाटतं, प्रत्यक्षात व्यायाम शाळा टाळायचं साधन झालेला असतो. उपाय स्पष्ट ठेवायचा: दाराशी दोन मिनिटं, तीन लांब फुंकरी, एकदा मुठी पिळून सोडायच्या, आणि आकडा कितीही असो, आत जायचं. "भीती गेली की जाऊ" असं नव्हे, "भीतीसकट जाऊ, शरीर थोडं सैल करून." याच आठवड्यात वाचायची भीती पायऱ्यांनी कमी करायला घ्यायची: आधी घरी एकट्याने, मग एका मित्रासमोर, मग शिक्षकांशी बोलून वर्गात एकच वाक्य.

चौथा आठवडा: तुमचा आवाज कमी करायचा. आधी पूर्ण सूचना, मग नुसते गटांची नावं, मग काहीच नाही. लहान रूपही शिकवायचं, कुणाला न दिसणारं: बाकाखाली मुठी पिळून सोडणं आणि एक लांब उच्छ्वास. रेकॉर्ड केलेला आवाज लावायची सवय झाली तर हेच होत नाही, कारण वर्गात तो आवाज नसतो. शेवटी वहीत पाहायचं ते फक्त शांतपणाचे आकडे नव्हेत. किती दिवस वेळेवर शाळेत गेला, किती वाक्यं वाचली, झोप यायला किती वेळ लागला, हे जास्त महत्त्वाचं. वहीतला आकडा सातवरून चारवर येऊन मुलगा घरीच बसत असेल, तर काम झालेलं नाही.

पुरावा किती आणि कुठे थांबतो

मुलांसाठीच्या माइंडफुलनेसवर बरंच लिहिलं-बोललं जातं, पण त्यामागचे अभ्यास बारकाईने पाहिले की चित्र लहान होतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात ३३ प्रयोगांतली ३,६६६ मुलं होती. लक्ष, वागणूक, चिंता, उदासी अशा बऱ्याच गोष्टींत थोडा फायदा दिसला. मग संशोधकांनी फक्त ते १७ प्रयोग घेतले ज्यांत दुसऱ्या गटालाही काहीतरी उपक्रम दिला होता. तेव्हा लक्ष आणि वागणुकीतला फायदा टिकला नाही. उरला तो सजगता, चिंता-ताण आणि उदासी यांतला, आणि तोही लहानच. याचा अर्थ आधी दिसलेल्या फायद्याचा काही भाग नुसत्या लक्ष देण्यातून, नव्या उपक्रमाच्या उत्साहातून आलेला असू शकतो.

सगळ्यांत मोठी चाचणी ब्रिटनमध्ये झाली, "मिरियड" नावाने, आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. ८५ शाळा, आठ हजारांहून जास्त विद्यार्थी, वय साधारण ११ ते १३. प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांनी वर्गात माइंडफुलनेसचे धडे दिले. वर्षभराने पाहिलं तर उदासीचा धोका, भावनिक-सामाजिक अडचणी किंवा एकूण समाधान यांपैकी कशातही हा गट नेहमीचं भावनिक-सामाजिक शिक्षण मिळालेल्या गटापेक्षा सरस नव्हता. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. आणि ज्या मुलांना आधीपासून मानसिक त्रासाचा धोका जास्त होता, त्यांच्या काही मोजमापांचा कल किंचित वाईटाकडे असल्याचं पुढच्या विश्लेषणात दिसलं.

या चाचणीचा अर्थ नेमका लावायला हवा. तिने तपासलं ते संपूर्ण वर्गाला सरसकट शिकवणं. आठ वर्षांच्या मुलाला आईने किंवा बाबांनी रात्री पाच मिनिटं हात सैल सोडायला शिकवलं तर काय होतं, हे तिने तपासलेलं नाही. तेव्हा तिच्यावरून "काही उपयोग नाही" असं म्हणता येत नाही. पण "सगळ्यांना शिकवा, नुकसान तर नाही" असंही म्हणता येत नाही. वर्गात शिकवणाऱ्यांनी निदान एवढं करावं: भाग न घेण्याची मोकळीक द्यावी, त्या मुलाला त्याच वेळी शांतपणे चित्र काढू द्यावं, आणि कुणाला व्यायामानंतर वाईट वाटतं का ते एकट्याला विचारावं. अशा अभ्यासांत त्रासाची नोंद फार कमी वेळा ठेवली जाते, त्यामुळे तो किती मुलांना होतो याचा भरवशाचा आकडा नाही.

आणखी एक कच्चा दुवा मोजमापाचा. मुलाचं वागणं सुधारलं की नाही हे बऱ्याचदा आईवडीलच सांगतात, आणि मूल कोणत्या गटात आहे हे त्यांना माहीत असतं. लक्ष न लागण्याच्या, अतिचंचलतेच्या त्रासावर माइंडफुलनेसचा उपयोग होतो असे दावे बरेचसे अशाच उत्तरांवर उभे आहेत. म्हणून तिथे चालू उपचार बंद करून हे धरणं योग्य नाही.

स्नायू सैल करण्याचा पुरावा एका ठिकाणी त्यातल्या त्यात बरा आहे: मुलांची वारंवार होणारी डोकेदुखी. शिथिलीकरण आणि विचार-वर्तनावर काम करणारे मानसशास्त्रीय उपाय एकत्र घेतले तर डोकेदुखीचे दिवस कमी झालेले दिसतात, पण तिथेही अभ्यास लहान आणि दर्जा कमी-अधिक आहे.

आणि एका ठिकाणी तो स्पष्टपणे अपुरा आहे. मंत्रचळ, म्हणजे ओसीडी असलेल्या पाच ते आठ वर्षांच्या १२७ मुलांवरची अमेरिकेतली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला कुटुंबासह भीतीला हळूहळू सामोरं जाण्याचा उपचार मिळाला, दुसऱ्याला कुटुंबासह शिथिलीकरण. पहिल्या गटात ७२ टक्के मुलांमध्ये ठळक सुधारणा दिसली, दुसऱ्यात ४१ टक्के. सारखे हात धुणाऱ्या किंवा एकच प्रश्न शंभरदा विचारणाऱ्या मुलाला श्वासाचा व्यायाम शिकवला तर तोही एक नवीन विधी होऊन बसू शकतो. शाळेच्या दाराशी "अजून एकदा" म्हणणाऱ्या मुलात त्याचीच सौम्य छटा दिसते.

रक्त किंवा सुई पाहून खरोखर भोवळ येणाऱ्या मुलाला तर सैल व्हायला सांगूच नका. तिथे रक्तदाब आधीच खाली घसरत असतो. त्याला हात, पाय आणि पोट आवळून धरायला शिकवतात, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत, साधारण दहा ते पंधरा सेकंद. मग थोडं सोडून पुन्हा. मात्र ज्या हातात सुई टोचायची तो हात सैलच ठेवायचा.

चार ते सहा आठवडे नीट सराव करूनही शाळा बुडतच असेल, झोप तशीच असेल, किंवा मूल मरण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल बोलत असेल, तर बालमानसतज्ज्ञांना गाठा. यातलं शेवटचं लक्षण दिसलं तर आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी जायचं. जाताना ती वही बरोबर न्या: आकडे, तारखा, कोणता व्यायाम कधी केला आणि त्यानंतर मूल कुठे गेलं, काय केलं.